आलेखात b कुठे दिसतो आणि विवेचक कुठे असतो

प्रश्न: वर्गसमीकरण मला सोडवता येतं. सूत्र पाठ आहे, विवेचकाचे तीन प्रकारही पाठ आहेत. पण y = ax² + bx + c चा आलेख समोर आला की अडतं. a मुळे तोंड वर की खाली ते कळतं, c म्हणजे Y-अक्षावरचा बिंदू हेही कळतं. पण b नेमकं काय करतो? आणि b² − 4ac आलेखात कुठे बघायचा?

उत्तर:

b म्हणजे वक्र Y-अक्ष ओलांडतो त्या ठिकाणचा त्याचा चढ. आणि विवेचक, म्हणजे Δ = b² − 4ac, शिरोबिंदूच्या उंचीत असतो: शिरोबिंदूचा y-निर्देशक घ्या, त्याला −4a ने गुणा, Δ मिळतो. उत्तर खरं तर एवढंच आहे. पण ते नुसतं हातात दिलं तर तुमच्या पाठांतरात आणखी दोन ओळींची भर पडेल, म्हणून एकच उदाहरण घेऊन या गोष्टी कुठून येतात ते दाखवतो.

y = 2x² − 8x + 3 घेऊ. मुळं पूर्णांक येणार नाहीत असं उदाहरण मुद्दाम निवडलंय. मुळं 1 आणि 3 अशी गोंडस असली की सगळे अवयव पाडून मोकळे होतात आणि आलेखाकडे कुणी बघतच नाही.

आधी Y-अक्षापाशी उभे राहा. x = 0 ठेवला की पहिली दोन पदं जातात आणि y = 3 उरतो. हा c. आता अगदी थोडं उजवीकडे सरका, x = 0.1 पर्यंत. 2x² ची किंमत 0.02 आणि −8x ची −0.8, म्हणून y = 2.22. याहून जवळ, x = 0.01 ला बघितलं तर 2x² ची किंमत 0.0002 इतकीच भरते, तर −8x ची −0.08. शून्याच्या आसपास वर्गाचं पद इतकं क्षीण असतं की वक्र जणू y = −8x + 3 या रेषेवरूनच चालतो. ही रेषा वक्राला (0, 3) या बिंदूत स्पर्श करते आणि तिचा चढ −8 आहे. तोच b.

फळ्यावर मी ही स्पर्शरेषा नेहमी तुटक रेघेने काढून ठेवतो, कारण तिच्यामुळे तिन्ही सहगुणक एकदम दिसतात. वक्र आणि ती रेषा यांच्यातलं उभं अंतर कुठल्याही x ला बरोबर 2x² असतं. म्हणजे c ने सुरुवातीची उंची दिली, b ने सुरुवातीचा चढ दिला, आणि त्या सरळ वाटेपासून वक्र किती झपाट्याने वर वळणार ते a ने ठरवलं.

यातून b चं चिन्ह ओळखायची एक साधी रीत मिळते. ‘a आणि b ची चिन्हं सारखी असतील तर सममिती अक्ष Y-अक्षाच्या डावीकडे, वेगळी असतील तर उजवीकडे’ हा नियम बहुतेकांनी वहीत लिहून घेतलेला असतो. नियम बरोबर आहे, पण परीक्षेत तो नेमका उलटा आठवतो. त्यापेक्षा वक्रावर बोट ठेवा, डावीकडून उजवीकडे न्या आणि Y-अक्ष ओलांडताना बोट कुठे चाललंय ते बघा. खाली उतरत असेल तर b ऋण, वर चढत असेल तर b धन, आणि त्या क्षणी आडवं असेल तर b शून्य. तोंड वर आहे की खाली, याचा इथे विचारच करावा लागत नाही.

आता हा चढ पुढे कसा बदलतो ते पाहू. x च्या 0, 1, 2, 3, 4 या किमतींना y अनुक्रमे 3, −3, −5, −3, 3 येतो. लागोपाठच्या किमतींमधले फरक −6, −2, 2, 6. आणि या फरकांचे फरक? दर वेळी 4, म्हणजे 2a. वर्गबहुपदीची ही खासियत आहे: तिचा चढ कायम एकाच दराने बदलतो, x एक एकक पुढे गेला की चढात 2a ची भर पडते. विकलन शिकला असाल तर चढ 2ax + b असतो हे तुम्हाला माहीत आहेच. शिकला नसाल तरी फरकांचा हा तक्ता पुरतो.

मग सममिती अक्ष कुठे असेल? Y-अक्षापाशी चढ −8 आहे आणि दर एककाला तो 4 ने वाढतोय. तो शून्य व्हायला दोन एककं लागणार, म्हणून x = 2. तिथे वक्र उतरायचा थांबतो आणि चढायला लागतो. −b/2a या सूत्रात याहून जास्त काही नाही: सुरुवातीचा चढ b, तो 2a या दराने फेडायचा, फेडायला किती अंतर लागतं ते −b/2a. त्यातलं ऋण चिन्ह कुठून आलं असा प्रश्न मग पडत नाही. चढ ऋण असेल आणि तो वाढत असेल तर फेड उजवीकडे होते. b आणि a दोन्ही धन असतील तर शून्य चढाची जागा मागे, डावीकडे पडून गेलेली असते.

शिरोबिंदूची उंचीही याच हिशेबाने निघते. दोन एककांच्या या वाटचालीत चढ −8 वरून 0 वर एकाच दराने आला, म्हणजे सरासरी चढ −4. दोन एककं चाललो, 8 ने खाली आलो. सुरुवात 3 पासून होती, तेव्हा 3 − 8 = −5. शिरोबिंदू (2, −5). हेच अक्षरांत मांडायचं तर सरासरी चढ b/2, चाललेलं अंतर −b/2a, त्यांचा गुणाकार −b²/4a. म्हणून शिरोबिंदूची उंची c − b²/4a. आता छेद समान करा:

(4ac − b²)/4a = −Δ/4a

विवेचक इथे आपल्या पायाने चालत आला. आपण अजून मुळांचं नावही काढलेलं नाही. आपल्या उदाहरणात Δ = 64 − 24 = 40 आणि −40/8 = −5, हिशेब जुळतो.

मुळं काढायला आता शिरोबिंदूवर जाऊन उभे राहा. तिथून डावीकडे किंवा उजवीकडे t एककं गेलं की वक्र 2t² ने वर येतो. सर्वसाधारणपणे at² ने. (वरच्या तक्त्यात बघा: शिरोबिंदूपासून एक एकक दूर गेल्यावर उंची 2 ने वाढली, दोन एककं गेल्यावर 8 ने.) X-अक्ष आपल्या डोक्यावर 5 एककं आहे. तिथे पोचायला 2t² = 5 हवं, म्हणजे t = √2.5, साधारण 1.58. म्हणून मुळं 2 − 1.58 आणि 2 + 1.58, म्हणजे जवळपास 0.42 आणि 3.58.

तुम्हाला पाठ असलेलं सूत्र आता दोन तुकड्यांत लिहून बघा:

x = −b/2a ± √Δ/2a

पहिला तुकडा सममिती अक्ष आहे. दुसरा तुकडा त्या अक्षापासून प्रत्येक मूळ किती दूर आहे ते सांगतो. आपण हे सूत्र एकाच लांब आडव्या रेघेवर लिहितो, त्यामुळे त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे वर्षानुवर्षं लक्षातच येत नाही. मी तरी वर्गात ते तोडूनच लिहितो. ± चं चिन्हही मग गूढ राहत नाही: अक्षाच्या एका बाजूला एक मूळ, दुसऱ्या बाजूला तितक्याच अंतरावर दुसरं.

या सगळ्याला एका ओळीत बांधणारी ओळख अशी आहे:

4ay = (2ax + b)² − Δ

उजवी बाजू उलगडून बघा, बरोबर येते. (2ax + b)² कधीच ऋण होत नाही आणि अक्षावर शून्य होतो. म्हणून अक्षावर 4ay = −Δ, आणि y शून्य असताना 2ax + b = ±√Δ. या दुसऱ्या समीकरणाकडे जरा थांबून बघा. 2ax + b हा चढ आहे. म्हणजे Δ चं वर्गमूळ हा वक्र X-अक्ष ओलांडताना असलेला त्याचा चढ झाला, एका मुळापाशी +√Δ आणि दुसऱ्यापाशी −√Δ. आपल्या उदाहरणात तो साधारण 6.32 येतो. Δ मोठा असेल तर वक्र X-अक्ष ताठ छेदून जातो, लहान असेल तर तिरकस, घासून जातो, आणि Δ शून्य असेल तर चढच नसल्यामुळे फक्त टेकून परत फिरतो. ‘Δ = 0 असेल तर मुळं समान’ हे वाक्य मला या चित्राशिवाय कधीच पटलं नव्हतं.

जाता जाता सांगतो, 4a ने गुणून पूर्ण वर्ग करायची ही युक्ती जुनी आहे. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात आपल्या ‘बीजगणित’ ग्रंथात ती श्रीधराचार्यांच्या नावाने उद्धृत केली आहे: दोन्ही बाजूंना वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा आणि अव्यक्ताच्या सहगुणकाचा वर्ग मिळवा. a ने भागून पूर्ण वर्ग करण्यापेक्षा यात अपूर्णांक शेवटपर्यंत येत नाहीत.

विवेचकाचे तीन प्रकार आता c हलवून बघता येतात. a आणि b तसेच ठेवून c एकने वाढवला की अख्खा वक्र न वाकता एक एकक वर उचलला जातो, आणि Δ 4a ने, म्हणजे इथे 8 ने कमी होतो. शिरोबिंदू −5 वर आहे, तेव्हा पाच एककं उचलला की तो X-अक्षाला टेकेल. c = 8 ठेवा: Δ = 64 − 64 = 0. आणखी तीन उचला, c = 11: शिरोबिंदू (2, 3), Δ = 64 − 88 = −24. वक्र X-अक्षाच्या वर तरंगतोय, वास्तव मुळं नाहीत. सममिती अक्ष या सगळ्यात जागचा हललेला नाही, कारण त्याच्या सूत्रात c नाहीच.

मुळं वास्तव नसली म्हणजे आलेखातून ती गायब झाली असं मात्र नाही. c = 11 साठी सूत्र 2 ± (√24/4)i देतं, म्हणजे 2 ± 1.22i. आता तरंगणारा वक्र शिरोबिंदूपाशी धरून उलटा करा, तोंड खाली. उलटलेल्या वक्राचं समीकरण y = 3 − 2(x − 2)², आणि तो X-अक्षाला 2 ± √1.5, म्हणजे 2 ± 1.22 इथे छेदतो. कल्पित भाग तोच. मुळांचा वास्तव भाग सममिती अक्षावर असतो आणि कल्पित भाग या उलट्या वक्राच्या छेदनबिंदूंत मोजता येतो.

c हलवल्यावर काय होतं ते डोळ्यांना लगेच पटतं. b हलवल्यावर जे होतं ते पहिल्यांदा बघताना फसवतं. बहुतेकांना वाटतं की b बदलला की वक्र नुसता डावी-उजवीकडे सरकत असेल. तसं होत नाही, होणं शक्यही नाही, कारण c तोच असल्यामुळे वक्राला (0, 3) मधून जावंच लागतं. a = 2 आणि c = 3 कायम ठेवून b ला −8, −4, 0, 4, 8 अशा किमती द्या. शिरोबिंदू येतात (2, −5), (1, 1), (0, 3), (−1, 1), (−2, −5). हे बिंदू कागदावर मांडून जोडा: तेही एका अन्वस्तावर आहेत, पण उलट्या, y = 3 − 2x² या. म्हणजे b बदलताना आपला वक्र आकार न बदलता (0, 3) मधून जात राहतो आणि त्याचा शिरोबिंदू एका उपड्या कमानीवरून घसरत जातो. b = 0 ला तो कमानीच्या माथ्यावर असतो. दोन्हीकडे जितकं दूर जाल तितका खाली. b² मुळे Δ वाढतो तो असा: b धन होवो की ऋण, शिरोबिंदू c च्या पातळीवरून b²/4a इतका खालीच जातो. हे a धन असताना. a ऋण असेल तर हेच चित्र उलटं होतं.

सूत्रातली आणखी एक गोष्ट इथे आयतीच दिसते. a आणि c ची चिन्हं विरुद्ध असतील तर Δ धन असणारच, b काहीही असो, कारण −4ac धन होतो. आलेखात बघा: तोंड वर, आणि Y-अक्षावरचा बिंदू X-अक्षाच्या खाली. खाली असलेला वक्र दोन्ही बाजूंना वर जाणार आहे, तर तो X-अक्ष दोनदा ओलांडणारच, एकदा शून्याच्या डावीकडे, एकदा उजवीकडे.

आता चुका कुठे होतात ते सांगतो. वह्या तपासताना मला वारंवार दिसणारी चूक अशी: 2x² − 8x + 3 = 0 हे समीकरण दोनने भागून x² − 4x + 1.5 = 0 केलं जातं आणि मग ‘सोपं झालं’ म्हणून त्याचाच आलेख काढला जातो. मुळं काढायला हे चालतं. आलेखाला नाही. नव्या बहुपदीचा शिरोबिंदू (2, −2.5) आहे, आधीचा (2, −5) होता. Δ सुद्धा 40 वरून 10 वर आला, दोनच्या वर्गाने भागला गेला. मुळांमधलं अंतर √Δ/|a| असतं: √40/2 आणि √10/1, दोन्ही 3.16. म्हणून नुसता Δ चा आकडा मोठा आहे एवढ्यावरून मुळं लांब आहेत असं म्हणता येत नाही, तो नेहमी a च्या जोडीनेच वाचायचा. आणि याचा व्यत्यास: मुळं ठाऊक असली तरी त्यावरून आलेख ठरत नाही. 0.42 आणि 3.58 मधून जाणारे असंख्य अन्वस्त आहेत, उथळ, खोल, उपडे सगळे. अक्ष मात्र सगळ्यांचा एकच.

दुसरी चूक तक्त्याची. सवयीने x ला −3 ते 3 किमती दिल्या जातात. आपल्या उदाहरणात x = −3 ला y = 45 येतो, −2 ला 27, −1 ला 13. 45 कागदावर मावावा म्हणून Y-अक्षाचं प्रमाण आवळावं लागतं, शिरोबिंदूजवळचा सगळा भाग चपटा होतो, आणि x = 3 ला तक्ता संपत असल्यामुळे वक्राचं वर येणारं टोक दिसतच नाही. कागदावर उरते एक घसरगुंडी. त्यापेक्षा आधी −b/2a काढा आणि तक्ता त्याच्याभोवती मांडा, अक्षाच्या दोन्हीकडे सारख्या किमती. अर्धा तक्ता फुकट मिळतो. सरावाचे लोक तर तक्ताही करत नाहीत. शिरोबिंदू मांडतात आणि तिथून एकेक एकक बाजूला जाताना उंची a, मग 3a, मग 5a अशी चढवत जातात. इथे 2, 6, 10. दोन्हीकडे तीन-तीन बिंदू आले की वक्र काढता येतो. शिरोबिंदूला टोक येऊ देऊ नका. तिथे चढ शून्य आहे, पेन्सिल क्षणभर आडवी जायला हवी.

तिसरी गोष्ट ही चूक नाही, आलेखाची मर्यादा आहे. x² − 4x + 3.99 आणि x² − 4x + 4.01 हे दोन आलेख संगणकाच्या पडद्यावर −10 ते 10 या चौकटीत काढा. दोन्ही X-अक्षाला टेकलेले दिसतील, तुम्ही दोन्हींना ‘समान मुळं’ लिहून मोकळे व्हाल. पण पहिल्याचा Δ 0.04 आहे, मुळं 1.9 आणि 2.1. दुसऱ्याचा Δ −0.04, वास्तव मुळंच नाहीत. फसगत का होते ते वरच्या दोन सूत्रांत आहे. शिरोबिंदूची खोली Δ/4a, म्हणजे पहिल्या आलेखात 0.01. मुळांचं अक्षापासूनचं अंतर √Δ/2a, म्हणजे 0.1. खोली Δ च्या प्रमाणात घटते, अंतर Δ च्या वर्गमुळाच्या. खोली शंभर पट कमी झाली तरी अंतर दहा पटच कमी होतं. म्हणून टेकण्याच्या बेताला आलेल्या वक्रात डोळ्याला खोली दिसेनाशी होते, पण मुळं अजून चांगली वेगळी असतात. आणि त्याच कारणाने तिथे c मध्ये एक शतांशाची चूक झाली तर मुळं एक दशांशाने सरकतात. वक्र टेकतोय की नाही हे आलेख बघून ठरवू नये. तिथे Δ काढावाच लागतो.

आता उलट दिशेने एक. आलेख दिलाय, समीकरण नाही. तोंड खाली, शिरोबिंदू (−1, 4), आणि वक्र Y-अक्षाला 1 वर छेदतो. Δ किती?

शिरोबिंदूपासून Y-अक्ष एक एकक दूर आहे आणि तेवढ्यात वक्र 4 वरून 1 वर, म्हणजे 3 ने उतरला. एक एककाला उंचीतला बदल a, म्हणून a = −3. Δ साठी b, c काढत बसायची गरज नाही: −4a × 4 = 12 × 4 = 48. धन आहे, आणि असणारच, कारण शिरोबिंदू X-अक्षाच्या वर आहे आणि तोंड खाली आहे. मुळं: शिरोबिंदूपासून 4 ने उतरायचं, 3t² = 4, t साधारण 1.15, तेव्हा मुळं −2.15 आणि 0.15 च्या आसपास. b हवा असेल तर Y-अक्षाकडे जा. शिरोबिंदूपाशी चढ शून्य होता, एक एकक पुढे आलो, चढात 2a = −6 ची भर पडली. म्हणून b = −6, आणि बोट फिरवून बघितलं तरी Y-अक्ष ओलांडताना ते उतरतंच आहे. समीकरण y = −3x² − 6x + 1. पडताळा: b² − 4ac = 36 + 12 = 48.